वाकडी भिंत पाडायची साइट इन्स्ट्रक्शन लिहिताय? या चुका टाळा

साइटवर बहुतेक इन्स्ट्रक्शन अशी असते, 'तिसऱ्या मजल्यावरचं वीटकाम निकृष्ट आहे, ताबडतोब काढून नव्याने करावे.' सही, शिक्का, झालं. आणि मग दोन आठवड्यांनी कॉन्ट्रॅक्टर म्हणतो साहेब कुठली भिंत, निकृष्ट म्हणजे नक्की काय, आणि पाडायचं बिल एक्स्ट्रा आयटममध्ये लावलंय. त्याला हे म्हणता येतं कारण त्या ओळीत यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

एक उदाहरण घेऊ. तिसरा मजला, बाहेरची नऊ इंची भिंत, सी-4 ते सी-5 कॉलममध्ये, लांबी 3.6 मीटर, उंची 2.4 मीटर. खालचा एक मीटर पहिल्या दिवशी बांधला, तो ओळंब्यात आहे. वरचा 1.4 मीटर नंतर मचाणावर चढून बांधला आणि तो 22 मिलिमीटर बाहेर झुकलाय.

पहिली चूक जागेची. 'बेडरूमची भिंत' लिहिलं की त्या खोलीला चार भिंती असतात हे लक्षात ठेवा. कॉलमचे नंबर ड्रॉइंगवरून घ्या आणि उंची कुठून मोजली ते लिहा, स्लॅबच्या वरून की फरशीच्या लेव्हलवरून, कारण फरशी अजून बसलेली नसते आणि पाच-सात सेंटीमीटरचा घोळ तिथेच होतो. भिंतीवर ऑइल पेंटने आडवी रेघ मारा, तिच्या वरचं काढायचं, खालचं ठेवायचं. सगळी भिंत पाडा म्हणालात आणि खालचा भाग चांगला निघाला, तर त्या भागाचा खर्च तुमच्या गळ्यात येऊ शकतो.

दुसरी चूक दोषाची, आणि सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. 'निकृष्ट', 'खराब' हे मत झालं, मोजमाप नाही. ओळंबा लावा, दोरी आणि भिंतीमधलं अंतर वर आणि रेघेपाशी मोजा, दोन्ही आकडे लिहा, तीन ठिकाणी घ्या म्हणजे एखादी वीट पुढे आलीये असं कोणी म्हणणार नाही. आयएस 2212 प्रमाणे एका मजल्यात 3 मीटर उंचीला 6 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि इथे 1.4 मीटरमध्येच 22 आहे. मिस्त्री म्हणणार प्लास्टरमध्ये काढून घेऊ. पण म्हणजे एका टोकाला नेहमीच्या 20 च्या जागी 40 मिलिमीटरच्या वर प्लास्टर चढणार, बाहेरच्या बाजूला, आणि तो जाड थर सुटून खाली माणसाच्या डोक्यावर पडू शकतो, म्हणून इथे अजिबात ऐकू नका.

उभ्या सांध्यात मसाला नसेल तर तेही लिहा, संध्याकाळी आतून टॉर्च मारा, पलीकडे उजेड दिसला की फोटो काढा. पण नुसता संशय असेल तर 'काढा' लिहू नका, 'दोन विटा काढून दाखवा' अशी वेगळी इन्स्ट्रक्शन द्या. बऱ्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये उघडून काम चांगलं निघालं तर तो खर्च मालकाचा असतो.

तिसरी चूक मुदतीची, तिथे 'ताबडतोब' नको. तारीख आणि वेळ द्या, तीही दोन: काढायची एक, बांधून व्हायची एक, आणि मधे तपासणीचा थांबा.

खर्चाबद्दल गप्प राहणं ही चौथी चूक, आणि रागाच्या भरात दंड लिहिणं ही तिची जुळी बहीण. कॉन्ट्रॅक्टमध्ये दंडाचं कलम नसेल तर तो टिकत नाही. जे कलम आहे त्याचा नंबर बघूनच टाका. आरए बिलात हे काम आधीच मोजलं गेलं असेल तर तेवढं, 3.6 गुणिले 1.4 गुणिले 0.23 म्हणजे साधारण 1.16 घनमीटर, पुढच्या बिलात वजा होणार हे स्पष्ट लिहा.

सगळं मिळून असं होतं:

'तिसरा मजला, सी-4 ते सी-5, बाहेरची 230 मिमी भिंत. स्लॅबच्या वरून 1.0 मी. ते 2.4 मी. मधले वीटकाम 22 मिमी बाहेर झुकले आहे (मोजमाप व फोटो सोबत). रंगाच्या रेघेवरचे सर्व वीटकाम 14 तारखेला संध्याकाळी 6 पर्यंत वरून खाली, रद्द्यारद्द्याने काढावे. काढताना हललेला खालचा रद्दाही काढावा. खाली बॅरिकेड लावल्याशिवाय सुरुवात करू नये. उरलेली भिंत आम्ही तपासून सही केल्यावरच नवे काम सुरू करावे व ते 21 तारखेपर्यंत पूर्ण करावे. काढणे, राडारोडा उचलणे, नवे सामान व मजुरी कॉन्ट्रॅक्टरच्या खर्चाने, मुदतवाढ नाही. आधी मोजलेले 1.16 घनमीटर पुढील बिलात वजा होईल. 14 तारखेपर्यंत न काढल्यास कलम क्र. __ प्रमाणे दुसऱ्या एजन्सीकडून करून घेऊन खर्च बिलातून वळता केला जाईल.'

भिंतीत इलेक्ट्रिकचे पाइप गेले असतील तर ते परत टाकायचा खर्च कोणाचा, ही ओळ वाढवा, नाहीतर इलेक्ट्रिशियन तुमच्याकडेच येईल. आणि कॉपी कॉन्ट्रॅक्टरच्या इंजिनियरला द्या, तारीख-वेळेसकट पोच घ्या, मिस्त्रीला तोंडी सांगून किंवा नुसता व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून थांबू नका.