बाळ कान ओढतंय, रात्री रडतंय, ताप आहे: या चुका टाळा

सर्दी होऊन चार दिवस झालेले असतात. नाक जरा सुकायला लागतं, घरचे म्हणतात, सुटलो एकदाचे. आणि त्याच रात्री बाळ दचकून उठतं, किंचाळून रडतं, हात कानाशी नेतं, अंग तापलेलं असतं. दूध ओढायला घेतं आणि दोन घोट झाले की रडून सोडून देतं. सांगली-तासगाव भागात धुक्याचे दिवस सुरू झाले की माझ्या दवाखान्यात रोज सकाळी असं एखादं तरी बाळ येतं. दुखणं तेच असतं आणि घरी झालेल्या चुकाही त्याच असतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

आधी हे दुखणं कुठून येतं ते बघू. पडद्याच्या आत मधला कान असतो. ती हवेने भरलेली छोटी पोकळी आहे आणि तिच्यातून एक बारीक नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. आपण गिळतो तेव्हा ही नळी क्षणभर उघडते, आत ताजी हवा जाते आणि साचलेला ओलावा खाली उतरतो. मोठ्या माणसात ती लांब आणि तिरकी असते. लहान बाळात तिची लांबी मोठ्यांच्या जेमतेम निम्मी असते आणि ती जवळजवळ आडवी असते. शेताच्या पाटाला उतार नसला की पाणी तुंबतं, तसंच इथे होतं. सर्दीने नळीचं तोंड सुजून बंद होतं, आतली हवा शोषली जाते, पोकळीत ओढ तयार होते आणि पाणी साचतं. नाकाच्या मागे एरवीही राहणारे जंतू त्या पाण्यात वाढतात, पू होतो आणि पडदा आतून बाहेर फुगतो. ठणका लागतो तो या फुगण्याचा.

रात्रीच का, हे आई-वडील हमखास विचारतात. आडवं झालं की तिथली सूज आणि दाब वाढतो, आणि झोपेत गिळणं कमी होतं, त्यामुळे नळी उघडतच नाही. दूध ओढतानाही कानात दाब खालीवर होतो, म्हणून ते रडून सोडून देणं. सहा महिने ते दोन वर्षं या वयात हे सगळ्यात जास्त होतं.

आता चुका. पहिली आणि माझ्या डोक्यात बसलेली चूक म्हणजे कानात तेल.

लसणाची पाकळी खोबरेल तेलात परतायची, तेल कोमट करायचं आणि दोन थेंब कानात सोडायचे. कुणी आईचं दूध पिळतं, कुणी हायड्रोजन पेरॉक्साइड घालतं. वर सांगितलं ते नीट वाचलं असेल तर लक्षात येईल की पू पडद्याच्या आत आहे आणि तेल पडद्याच्या बाहेर. पडदा धड असेल तर तेल तिथे पोचतच नाही. उलट दुसऱ्या दिवशी मी दुर्बीण लावून बघायला जातो, तर पडद्यावर तेलाचा थर. फुगलाय का, पिवळट झालाय का, काहीच कळत नाही. नुसता लालपणा बघून तर निदान करताच येत नाही, कारण रडणाऱ्या प्रत्येक बाळाचा पडदा लाल दिसतो. फुगवटा दिसायला हवा.

पण खरं नुकसान पुढे होतं. कवठेमहांकाळकडचं एक चौदा महिन्यांचं पोरगं माझ्याकडे आलं होतं. सर्दीनंतर ताप आणि रात्रीचं रडणं. पहिल्या रात्री घरात ठरलं की दात येताहेत. दुसऱ्या रात्री दृष्ट काढली आणि तेल घातलं. तिसऱ्या रात्री पुन्हा तेल. पहाटे कानातून पिवळं पाणी आलं आणि पोरगं शांत झोपलं, तापही उतरला. आजींना वाटलं, तेलाने आतली घाण बाहेर काढली. प्रत्यक्षात पडदा फुटला होता. दाब मोकळा झाला की ठणका थांबतोच, तेल घाला अगर घालू नका. म्हणजे ज्या क्षणी औषध लागू पडलं असं वाटलं, त्याच क्षणी कानाला भोक पडलं होतं. आणि गुण आला म्हणून त्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ तेल चालू ठेवलं. आता ते फुटक्या पडद्यातून थेट मधल्या कानात जात होतं, वरून कापसाचा बोळा घट्ट बसवलेला.

आठवड्याने पुन्हा ताप चढला तेव्हा ते माझ्याकडे आले. मी कानाच्या आधी कानामागे बघितलं. तिथली खोलगट वळी नाहीशी झाली होती, जागा लाल आणि टणक होती, हात लावला की पोरगं किंचाळायचं. आणि समोरून बघितलं तर तो कान दुसऱ्यापेक्षा पुढे आणि खाली ढकलला गेलेला दिसत होता. संसर्ग कानामागच्या हाडात उतरला होता. त्याच दुपारी मिरजेला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. भरती झाली, शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं आणि कानामागे साचलेला पू शस्त्रक्रियेने काढावा लागला. पोरगं बरं झालं, पुढे ऐकण्याची तपासणीही ठीक आली. निघताना आजी म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या सगळ्या पोरांच्या कानात तेल घातलंय बघा, कुणाला काही झालं नाही." मी म्हटलं, "आजी, बहुतेक कान आपले आपण बरे होतात. त्याचं श्रेय तेलाला मिळतं, एवढंच." त्यांनी ऐकून घेतलं. पटलं का, माहीत नाही.

कान फुटलाच तर घाबरू नका. छोटं भोक बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरतं. स्वच्छ, सुक्या सुती कापडाची वात वळून कानाच्या तोंडाशीच ठेवायची, ओली झाली की बदलायची, दिवसातून तीन-चार वेळा. आत खोल सारायची नाही. अंघोळीचं पाणी आत जाऊ द्यायचं नाही. आणि घरात पडून असलेले जुने कानाचे थेंब तर मुळीच घालायचे नाहीत, कारण त्यातले काही फुटक्या पडद्यातून आत गेले तर ऐकण्याच्या नसेला इजा करू शकतात.

दुसरी चूक पॅरासिटॅमॉलच्या मापाची. यावर मी रोज बोलतो आणि रोज पुन्हा तेच बघतो. पहिल्या दोन दिवसांत बाळाला खरी गरज असते ती वेदना कमी होण्याची, आणि ते काम हेच साधं औषध करतं. पण ते तीन ताकदींत मिळतं. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत 100 मिलिग्रॅम असतं. साध्या सिरपमध्ये पाच मिलीत 120 किंवा 125, आणि जास्त ताकदीच्या सिरपमध्ये पाच मिलीत 250. डोस वजनावर, किलोला 15 मिलिग्रॅम. दहा किलोच्या बाळाला 150 मिलिग्रॅम लागतात. ते थेंबांचे दीड मिली होतात, 125 च्या सिरपचे सहा मिली आणि 250 च्या सिरपचे तीन मिली.

घडतं असं. मागच्या वेळी थेंब दिले होते, तेव्हाचा "दीड" डोक्यात बसलेला असतो. या वेळी घरात 125 चं सिरप असतं, त्यातून दीड मिली दिलं जातं. म्हणजे बाळाला लागणाऱ्या डोसचा चौथा भाग. ताप हलत नाही, रडणं थांबत नाही आणि सकाळी मला ऐकायला मिळतं की तुमच्या औषधाने काही झालं नाही. उलटी गल्लत धोक्याची आहे: सिरपचे सहा मिली लक्षात ठेवून थेंबांच्या बाटलीतून सहा मिली दिलं तर एका वेळी 600 मिलिग्रॅम पोटात जातं, आणि असं दिवसभर झालं तर यकृतावर येतं. माझी सवय अशी आहे की चिठ्ठीवर मिलीच्या शेजारी बाटलीची ताकद लिहितो आणि आईकडून मोठ्याने वाचून घेतो. दोन डोसांत सहा तास, दिवसात जास्तीत जास्त चार. चहाच्या चमच्याने मोजायचं नाही, बाटलीबरोबरचं माप किंवा सुई काढलेली सिरिंज वापरायची. आणि घरात ॲस्पिरिन असेल तर ती लहान मुलाला द्यायचीच नाही.

"दात येताहेत" हे उत्तर फार स्वस्त आहे. दातांनी लाळ गळते, चिडचिड होते, मूल कानही ओढतं. पण 102 चा ताप दातांनी येत नाही. तसंच नुसतं कान ओढणं म्हणजे कान बिघडला असंही नाही. झोप आली की कान चोळणारी बाळं पुष्कळ असतात. सर्दी, ताप, रात्रीचं रडणं आणि दूध सोडणं हे सगळं मिळून आलं तर दाखवायला या.

अँटिबायोटिकबाबत दोन्ही टोकं बघतो. दोन वर्षांच्या वरचं मूल, एकच कान, ठणका बेताचा, ताप 102 च्या आत, कान वाहत नाही, तर दोन-तीन दिवस वेदनेचं औषध देऊन थांबता येतं आणि बरीच मुलं तेवढ्यात सुधारतात. मात्र हे कान तपासून डॉक्टरने ठरवायचं असतं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल, दोन वर्षांच्या आतलं असून दोन्ही कान बिघडले असतील, कान वाहत असेल किंवा ताप-ठणका जोराचा असेल तर मी थांबत नाही. आणि एकदा सुरू केलं की पुरं करायचं. दोन वर्षांच्या आत साधारण दहा दिवस. इथे लोक बाटलीला फसतात. पावडरची 30 मिलीची बाटली असते, रोज दहा मिली लागतात, म्हणजे तीन दिवसांत बाटली रिकामी. बाटली संपली म्हणजे कोर्स संपला असं धरून चालतात. चिठ्ठीवर किती बाटल्या लिहिल्यात ते औषधाच्या दुकानातच मोजून घ्या.

बाळाला आडवं निजवून बाटलीने दूध पाजू नका, ते नळीच्या तोंडाशी जातं. बाळाच्या खोलीत चुलीचा आणि विडीचा धूर नको. चार वर्षांच्या आत सर्दीची मिश्र सिरपं देऊ नका. त्यांनी कान बरा होत नाही. नाकात मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाईनचे थेंब, दूध आणि झोपेच्या आधी, एवढं पुरतं. काडी, हेअरपिन, बाजारातला मळ काढणारा, काहीही कानात घालू नका. न्यूमोकोकलची लस सरकारी दवाखान्यात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वेळी मोफत मिळते, ती चुकवू नका.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर सकाळची वाट बघू नका. कोणत्याही वयात कानामागे सूज, चेहऱ्याची एक बाजू वाकडी, मान ताठ, सारख्या उलट्या किंवा मूल सुस्त पडलेलं, यातलं एक जरी दिसलं तरी रात्रीच निघा. औषध सुरू करून दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही तरी पुन्हा दाखवा.

ताप गेला, रडणं थांबलं की लोक परत येतच नाहीत. पण पडद्याच्या आत पाणी काही आठवडे तसंच राहतं, त्याने दुखत नाही, फक्त ऐकू कमी येतं. मूल हाक मारली तर बघत नाही, मोबाईलचा आवाज वाढवतं, बोलायला लागलेलं मूल अडखळतं, आणि घरचे म्हणतात हट्टी झालंय. तीन महिन्यांनंतरही पाणी असेल तर ऐकण्याची तपासणी करावी लागते. म्हणून मी महिन्याने एकदा कान दाखवायला बोलावतो. पाच मिनिटांचं काम असतं, तेवढं चुकवू नका.