बॉडी स्कॅन करताना छाती धडधडते? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या कोथरूडच्या योगवर्गात एक पंचविशीतली मुलगी यायला लागली. नोकरी हिंजवडीत, जाऊन-येऊन रोजचे तीन तास रस्त्यावर. म्हणाली, "काकू, मला शवासन जमतच नाही. पडल्यावर तिसऱ्या मिनिटाला धडधडायला लागतं, मग मी उठून सरळ भांडी घासायला घेते." ती मोबाईलवर बॉडी स्कॅनचं, म्हणजे शरीराच्या एकेका भागावर क्रमाने लक्ष नेण्याच्या ध्यानाचं, 20 मिनिटांचं रेकॉर्डिंग लावायची, डोळे मिटून आडवं व्हायचं आणि सुरुवात श्वासापासून.

घोळ तिथेच होता. धास्तावलेलं मन आधीच छातीला कान लावून बसलेलं असतं. तिथेच लक्ष दिलं की ठोके मोठे वाटतात, त्याने भीती वाढते आणि भीतीने ठोके खरंच वाढतात. म्हणून पहिला आठवडा आम्ही छाती, गळा आणि पोट चक्क वगळलं.

तिला खुर्चीत बसवलं, तळवे फरशीवर, डोळे अर्धे उघडे, नजर समोरच्या फरशीच्या सांध्यावर. त्याआधी मिनिटभर जागच्या जागी पाय आपटून घेतले, कारण साचलेली चुळबुळ आधी बाहेर पडलेली बरी. मग डावी टाच: फरशी गार आहे का, दाब मागच्या कडेवर आहे की मध्ये? तीन श्वास तिथेच, श्वास आपला नेहमीचा, मुद्दाम लांबवायचा नाही. मग चवडा, मग बोटं. तसंच उजवीकडे. पुढे पोटऱ्या, गुडघे, खुर्चीवर टेकलेल्या मांड्या आणि शेवटी हाताचे तळवे. सगळं मिळून सहा-सात मिनिटं. सावकाश म्हणजे एका जागी जास्त थांबणं. तासभर बसणं नव्हे.

करंगळीपाशी ती अडली. "काहीच कळत नाही." मग ती जोर लावून शोधू लागली, खांदे कानाशी गेले. काही न जाणवणं हेही एक उत्तरच. फार वाटलं तर बोट एकदा फरशीवर दाबा आणि पुढे सरका.

दुसरी चूक जवळजवळ सगळेच करतात: दात-ओठ खाऊन स्थिर राहणं. पाय हलवावासा वाटला तर आधी ती ओढ कुठून निघते ते पाहा. तिची नडगीतून निघायची, मुंग्यांसारखी. एक श्वास पाहायचं, मग पाय हळूच हलवायचा आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुन्हा धरायचं. पहिल्यापासून नाही, नाहीतर टाचेच्या वर कधी जाणंच होत नाही.

आणि "सैल सोडा, सैल सोडा" असं स्वतःला बजावू नका. जबडा आवळलेला असेल तर आवळलेला म्हणून पाहा, झालं.

मध्येच भीतीची लाट आली, जुना वाईट प्रसंग डोळ्यांपुढे आला, तर डोळे पूर्ण उघडा, उभे राहा, त्या दिवसापुरतं थांबा. असं वारंवार होत असेल तर हे एकट्याने करू नका, समुपदेशक गाठा. छातीत दुखत असेल किंवा धडधड बसल्या-बसल्या एरवीही होत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

चौथ्या आठवड्यात तिने आपणहून पोटापर्यंत मजल मारली. छाती अजून बाकी आहे, आणि आम्हाला घाई नाही.