पाटीचा फोटो काढून भाषांतर करताय? या चुका टाळा

जपानच्या सहलीला निघताना मी प्रत्येकाला सांगते, की भाषांतराच्या ॲपमध्ये मूळ भाषा 'जपानी' अशी स्वतः निवडा. तरी दर वेळी कोणीतरी घाईत तो पर्याय तसाच सोडतं.

क्योटोत आमच्या गटातल्या साताऱ्याच्या काकांचं हेच झालं. आदल्याच महिन्यात ते मुलाकडे तैपेईला राहून आले होते, त्यामुळे फोनमध्ये चिनी भाषा निवडलेली होती. संध्याकाळच्या थंडीत एकटेच फिरताना त्यांना एका दारावरच्या पडद्यावर एकच मोठं अक्षर दिसलं: 湯. फोटो काढला, उत्तर आलं 'सूप'. आत दोन दारं होती. एकावर 'पुरुष सूप', दुसऱ्यावर 'महिला सूप'. काउंटरवरच्या बाईंना त्यांनी तीनतीनदा विचारलं, "नो मीट? नो फिश?" त्यांनीही मनापासून "नो, नो" म्हणत ५०० येनच्या आसपास पैसे घेतले आणि हातात टॉवेल दिला. काका आत बाकावर टॉवेल मांडीवर पसरून वाट बघत बसले. पाच मिनिटांत मला फोन आला, "अगं, इथे सूप प्यायला सगळे कपडे काढतायत!"

ते होतं सेंतो, म्हणजे सार्वजनिक स्नानगृह. ते अक्षर चिनीत सूप, जपानीत गरम पाणी. 'शिक्षा' हा शब्द हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड, तसंच. लिपी तीच, पण भाषा चुकली की अर्थ फिरतो.

'आपोआप ओळखा' हा पर्यायही इथे पुरत नाही. चिनी अक्षरं जपानी आणि चिनी दोन्ही भाषा वापरतात, त्यामुळे एकट्या अक्षरावरून ॲपला भाषा ठरवता येत नाही. म्हणून मी दोन पावलं मागे जाऊन दरफलक किंवा वेळांची पाटीही फोटोत घेते. त्यात の, は अशी वळणदार हिरागाना अक्षरं असली की ती जपानीच. मग शब्दाला संदर्भ मिळतो. पाटीच्या अगदी जवळ जाऊन एकच अक्षर टिपायची सवय मला मुळीच आवडत नाही.

कॅमेरा नुसता पाटीवर धरून हलणारं भाषांतर वाचू नका, स्थिर फोटो काढा. जपानी भाषेचा संच हॉटेलच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा. कुंचल्याने लिहिलेली पाटी असेल तर ॲपच्या नादी न लागता माणसाला विचारा.

आणखी एक. उपाहारगृहाच्या दारावर 準備中 दिसलं, की ॲप 'तयारी चालू आहे' असं सांगतं. शब्दशः ते बरोबरच आहे, आणि त्यावर विसंबून लोक दाराशी ताटकळतात. त्याचा व्यवहारातला अर्थ 'आत्ता बंद आहे' असा. आत जायचं ते 営業中 ही पाटी लागल्यावर.

काकांनी पैसे दिलेच होते, म्हणून मी फोनवरच सांगितलं, आधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ करा, मगच हौदात उतरा. तासाभराने लालबुंद होऊन परतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.