या चुका टाळा : बायोडाटातला अंदाजे आकडा मुलाखतीत टिकवायचा असेल तर

माझी भाची दोन वर्षं इंदूरच्या दवा बाजारातल्या एका ठोक औषध विक्रेत्याकडे पॅकिंगला होती. आता देवास नाक्याच्या एका गोदामात डिस्पॅचच्या जागेसाठी अर्ज करते आहे. तिने बायोडाटा दाखवायला आणला, त्यात एक ओळ होती : ‘रोज 200+ ऑर्डर हाताळल्या आणि चुकीच्या डिलिव्हरी 60% कमी केल्या.’

मी पीथमपूरला एका कारखान्याच्या खरेदी विभागात बरीच वर्षं काढली आणि मुलाखतीच्या टेबलापलीकडेही बसले. अशी ओळ दिसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘हे 200 कसे मोजले?’ मी तिला तोच विचारला. ती म्हणाली, “मावशी, मोजले कुठे? बिलिंगचं सॉफ्टवेअर त्यांच्याकडे, माझ्याकडे आता काहीच नाही. पण काम खूप असायचं गं.”

काम खूप असायचं हे खरंच होतं, पण 200 हा आकडा तिने गर्दीच्या दिवसाच्या आठवणीवरून उचलला होता. ही पहिली चूक, आणि ती जवळजवळ सगळेच करतात. ज्या दिवशी जेवायला फुरसत मिळाली नाही तो दिवस लक्षात राहतो. साधा मंगळवार कुणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून ‘रोज किती?’ असं स्वतःला विचारू नका. ज्या दिवशी काहीच विशेष घडलं नाही तो दिवस सकाळपासून डोळ्यांसमोर आणा, आणि आकड्याऐवजी वस्तू आठवा. गाड्या किती, फेऱ्या किती, पिशव्या किती, काय संपायचं आणि पुन्हा आणायला लागायचं.

तिला लगेच आठवलं. डिलिव्हरीची 4 मुलं होती. प्रत्येकाच्या दिवसाला 2 फेऱ्या. एका फेरीत मोटारसायकलवर 12 ते 15 पार्सलं मावायची, त्याहून जास्त बांधली तर मुलं कुरकुर करायची. म्हणजे कमीत कमी 4 × 2 × 12 = 96 आणि जास्तीत जास्त 4 × 2 × 15 = 120. दोन्ही टोकं वेगवेगळी गुणायची, हे महत्त्वाचं. मधला आकडा धरून एकदाच गुणाकार केला की आपला अंदाज किती ढिला आहे हे आपल्यालाच दिसत नाही.

इथे थांबणं ही दुसरी चूक. एकाच वाटेने काढलेला अंदाज बरोबर वाटतो, कारण त्याला विरोध करणारं कुणी नसतं. तोच आकडा दुसऱ्या एखाद्या, पहिल्याशी संबंध नसलेल्या गोष्टीवरून काढून पाहावा. तिला चिकटपट्टी आठवली. सकाळी नवी रिळं काढून देणं तिचंच काम होतं आणि साध्या दिवशी 3 रिळं संपायची. रीळ 65 मीटरचं. एका खोक्याला पट्टी किती लागते हे तिला सांगता येईना, तेव्हा आम्ही घरातलं बुटांचं खोकं घेतलं, ती दुकानात जशी बांधायची तसंच बांधलं, मग पट्टी सोडवून शिवणाच्या टेपने मोजली. 1 मीटर 20 सेंटिमीटर भरली. थोड्या मोठ्या खोक्याला दीड मीटर. आता 3 रिळं म्हणजे 195 मीटर. दीड मीटरने भागलं तर 130 पार्सलं, 1.2 ने भागलं तर 162.

दोन उत्तरं जुळली नाहीत. एकीकडे 96 ते 120, दुसरीकडे 130 ते 162. अशा वेळी मधला आकडा घेऊन मोकळं व्हायचा मोह होतो. तो टाळा. दोन अंदाजांमधली फट बहुतेक वेळा काहीतरी विसरलेलं दाखवत असते. तीस-चाळीस पार्सलं कुठे गेली, असं मी विचारलं, तशी ती ताडकन उठून बसली : “अगं, संध्याकाळचा टेम्पो! उज्जैन, देवास, धारचा माल ट्रान्सपोर्टला जायचा ना.” त्यात 30 ते 40 खोकी असायची. ती मिळवली की मुलांच्या फेऱ्यांवरून 126 ते 160 येतात, आणि पट्टीवरून 130 ते 162. आता मला त्या आकड्यावर भरवसा वाटू लागला. साध्या दिवशी 130 ते 160 पार्सलं.

पण हा आकडा तिचा नाही, टेबलाचा आहे. पॅकिंगला तिघं होते आणि काम साधारण सारखं वाटलेलं असायचं. एक तृतीयांश केलं की 43 ते 53 येतात. आम्ही ‘40 ते 50’ धरलं, वरची बाजू मुद्दाम थोडी कमी ठेवली. भाची जरा हिरमुसली, 200 वरून 40-50 वर येणं कुणालाही जड जाईल. मी तिला सांगितलं की दोन्ही आकडे लिही, फक्त कुठला कुणाचा ते स्पष्ट कर : ‘तिघांच्या टीममध्ये रोज अंदाजे 130 ते 160 पार्सलं, त्यातली 40 ते 50 मी स्वतः बांधत असे.’ गोदामात माणसं घेणाऱ्याला एक माणूस दिवसाला किती पार्सलं बांधतो याची पूर्ण कल्पना असते. टीमचा आकडा एकटीच्या नावावर लावला तर त्याला तो तिथेच खटकतो, आणि मग खाली लिहिलेलं खरंही तो संशयाने वाचतो.

याच ओळीत आणखी दोन लहान गोष्टी होत्या. एक, ‘ऑर्डर’ हा शब्द. आम्ही मोजली ती पार्सलं. एका दुकानाच्या ऑर्डरची कधी दोन खोकी होतात. जे मोजलं त्याचंच नाव लिहावं. दुसरी, आकड्यापुढचं अधिकचं चिन्ह. त्याचा अर्थ ‘निदान इतके तरी’ असा होतो, म्हणून ते फक्त खालच्या टोकाला शोभतं. 130+ चालेल. 160+ म्हणजे आपल्याच हिशेबाच्या बाहेर जाणं.

आता ते 60%. मला सगळ्यात जास्त काळजी याच आकड्याची होती, कारण यात तिने खरोखर चांगलं काम केलं होतं आणि तेच वाया जाणार होतं. आधी खोकं बांधणाराच बिल तपासायचा. सारख्या नावाचं औषध किंवा वेगळ्या ताकदीची गोळी जायची आणि दुकानदाराचा फोन यायचा. हिने सुचवलं की खोकं बंद करण्याआधी दुसऱ्याने बिल मोठ्याने वाचायचं आणि बांधणाऱ्याने औषधाचं नाव, ताकद आणि बॅच नंबर बघून हो म्हणायचं. तिच्या आठवणीप्रमाणे आधी आठवड्याला 3-4 तक्रारी यायच्या, नंतर 1-2.

यातून टक्के काढून बघा. 3 वरून 2 झाल्या असतील तर घट 33%. 4 वरून 1 झाल्या असतील तर 75%. म्हणजे खरा आकडा 33 आणि 75 यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. त्यातून 60 निवडायला काहीच आधार नाही. लहान आणि ढोबळ आकड्यांची टक्केवारी काढणं ही मला सगळ्यात नुकसानीची चूक वाटते, कारण टक्का दिसायला मोजलेला वाटतो आणि आतून पोकळ असतो. त्यातही 57% किंवा 62% असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं की मागे रजिस्टर आहे, आणि तो तेच मागतो. मूळ आकडेच लिहावेत : ‘आठवड्याला 3-4 चुकीच्या पार्सलांच्या तक्रारी यायच्या, त्या 1-2 वर आल्या.’ सहा दिवसांत 780 ते 960 पार्सलं जाणाऱ्या जागी ही गोष्ट लहान नाही, आणि वाचणाऱ्याला ते कळतं.

एवढ्या लहान संख्येत एखादा आठवडा आपोआपच चांगला जातो, म्हणून ही घट किती दिवस टिकली ते विचारावंच लागतं. ती म्हणाली, सोडेपर्यंत, म्हणजे साधारण 7-8 महिने. आणि त्याच सुमारास दुसरं काही बदललं होतं का? हो, दुकानात औषधांच्या रॅकवर नवी लेबलं लागली होती. मग ‘मी कमी केल्या’ हे म्हणता येत नाही. ‘दुहेरी तपासणी मी सुचवली, त्यानंतर तक्रारी कमी झाल्या’ हे म्हणता येतं. मुलाखतीत लेबलांची गोष्ट आपण होऊन सांगावी. समोरच्याने ती खोदून काढली तर लपवल्यासारखी दिसते.

आकडे जमवताना एक मोह होतो, जुन्या जागच्या मैत्रिणीला सांगून स्क्रीनचे फोटो मागवण्याचा. तसं अजिबात करू नका. ते दुकानाचे कागद आहेत, आणि नव्या ठिकाणी ते दाखवले तर समोरचा एवढंच समजेल की उद्या ही आमचेही दाखवील. मैत्रिणीला फोन करून ‘तुला किती रिळं आठवतात?’ विचारणं वेगळं. आम्ही ते केलं, आणि तिनेही आपण होऊन तीनच सांगितली. तिला आधी आपला आकडा सांगायचा नाही, नाहीतर ती हो ला हो म्हणते.

मग आम्ही मुलाखतीचा सराव केला. इथे मुलाखत हिंदीत होणार, म्हणून तो हिंदीतच केला. ‘कसा काढला?’ यावर तीन वाक्यं पुरतात : काय मोजलं, कशावरून, आणि कुठे चूक असू शकते. ‘रजिस्टर माझ्याकडे नाही, हा अंदाज आहे. डिलिव्हरीच्या फेऱ्या आणि संध्याकाळचा टेम्पो धरून एकदा काढला आणि चिकटपट्टीच्या रिळांवरून पडताळला. खोकी लहान-मोठी असत, म्हणून 130 ते 160 असं सांगते.’ पहिल्या दोन वेळा ती ‘अंदाज’ हा शब्द पुटपुटत म्हणाली, जणू गुन्हा कबूल करते आहे. तिसऱ्यांदा सरळ बघून म्हणाली.

शेवटी मी मुद्दाम हिशेबाबाहेरचा प्रश्न टाकला : “आणि सगळ्यात गर्दीच्या दिवशी किती?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पावसाळ्यात तापाची साथ असली की चार रिळं लागायची. म्हणजे 170 ते 215 च्या आसपास. पण असे दिवस महिन्यातून चार-पाचच, रोजचे नव्हेत.”

तिचे ते 200 इथे सापडले.