काशीच्या घाटांवर जाताना: तयारीची यादी

सगळ्यात आधी तिथला सूर्यास्त किती वाजता आहे ते बघा आणि तिकिटाच्या मागे लिहून ठेवा. आपल्याकडचा नाही, तिथला. काशी पुण्यापेक्षा साधारण नऊ रेखांश पूर्वेला आहे, घड्याळ मात्र देशभर एकच. त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुण्यात सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य तिथे सव्वापाचलाच गेलेला असतो. डिसेंबरात हा फरक पाऊण तासाच्याही वर जातो. संध्याकाळची आरती म्हणजे सात-साडेसात, असं आम्ही गृहीत धरलं होतं. पोचलो तेव्हा पायऱ्या रिकाम्या होत होत्या.

दशाश्वमेधची आरती सूर्यास्तानंतर सुरू होते. हिवाळ्यात ती साधारण सहाच्या आसपास असते, उन्हाळ्यात सातच्या आसपास, आणि पाऊण तासात आटोपते. नक्की वेळ मुक्कामाच्या ठिकाणी त्याच दिवशी विचारा. बसायला जागा हवी असेल तर तासभर आधी घाटावर हवं, आणि संध्याकाळी गाड्या गोदौलिया चौकाच्या अलीकडेच अडवतात. तिथून पुढे गर्दीतून चालत वीस-पंचवीस मिनिटं धरा. आता उलटं मोजा. आरती सहाला, जागा पाचला, म्हणजे रिक्षातून उतरायचं साडेचारला आणि खोलीतून निघायचं चारला. दुपारची झोप काढून 'जरा उन्हं उतरली की निघू' म्हणालात तर संपलंच. शिवाय घाट नदीच्या पश्चिम काठावर आहेत, सूर्य मागे शहराआड जातो, त्यामुळे पायऱ्यांवर सावली आधीच आलेली असते. उन्हाची वाट बघण्याचं कारणच नाही.

महिना निवडताना शांतता हवी की सोहळा, ते आधी ठरवा. दोन्ही एकदम मिळत नाही. देवदिवाळीला, म्हणजे कार्तिक पौर्णिमेला, सगळे घाट पणत्यांनी उजळतात, पण पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्यांचे दर चढलेले असतात. माझं मत विचाराल तर त्याआधीचे दिवस घ्या, दिवाळी आणि छठ वगळून. कार्तिकभर पंचगंगा घाटावर संध्याकाळी आकाशदिवे लावतात. उंच बांबूंच्या टोकाला टोपल्या बांधून त्यांत दिवे ठेवलेले असतात. तिथेच दगडी हजारा दीपमाळ आहे, ती अहिल्याबाई होळकरांनी बांधली असं सांगतात. बाजूच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट भागात जुनी मराठी घरं आहेत. दशाश्वमेधच्या मानाने इथे शांतपणे बसता येतं. मात्र पंचांग बघताना सांभाळा. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तिथला कार्तिक कोजागिरीनंतर लगेच सुरू होतो, आपल्यापेक्षा पंधरवडाभर आधी. आपल्या कार्तिकाची वाट पाहाल तर अर्धे आकाशदिवे हुकतील. आणि इथेही दिवे अंधार पडताना लावतात, म्हणजे परत तेच: सूर्यास्त तिथला बघा.

पावसाळ्यात जाऊ नका. गंगा चढली की खालच्या पायऱ्या बुडतात, एका घाटावरून दुसऱ्यावर चालत जाता येत नाही, नावा बंद होतात आणि आरती वर सरकवतात, कधी गच्चीवरही. डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं. गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, त्यामुळे पोचण्याच्या दिवशी आरती ठरवू नका.

पहाट चुकवू नका, खरी शांतता तेव्हाच. तीही आपल्या सवयीपेक्षा लवकर होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या आसपास नदीपलीकडे वर येतो, म्हणजे साडेपाचला अस्सी घाटावर हवं. तिथे पहाटेची आरती आणि शास्त्रीय गायन-वादन असतं. ते ऐकून काठाने उत्तरेकडे चालत सुटा. नाव करायची तर बसण्याआधी भाव ठरवा, माणशी की अख्ख्या नावेचा आणि कुठून कुठपर्यंत, हे तोंडाने वदवून घ्या.

मुक्काम घाटाजवळच्या गल्लीत घ्या. गाडी दारापर्यंत येत नाही, सामान हातात न्यावं लागतं, म्हणून बॅगा हलक्या ठेवा. पण तिथे राहिलात तर गोदौलियाचा वीस-पंचवीस मिनिटांचा हिशेब उरत नाही, आणि आरती संपल्यावर सगळे एकदम उठतात तेव्हा अर्धा तास तिथेच बसून राहता येतं.

बाकी पटकन. पकड असलेल्या चपला, कारण पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळ असतो. विजेरी. पहाटेसाठी शाल. सुटे पैसे. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवर फोटो काढू नका, तिथे लोक आपलं माणूस पोचवायला आलेले असतात. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी फोनवर वाराणसीचा सूर्यास्त पुन्हा एकदा बघा. वाराणसीचा, पुण्याचा नाही.