वर्गांची बेरीज मिनिमम करताना सरासरी येतच नाहीये? या चुका टाळा

समजा एका स्टॉपवर बस पाच दिवस अनुक्रमे 2, 3, 5, 6 आणि 14 मिनिटं उशिरा आली. आता एकच आकडा c असा निवडायचाय की प्रत्येक दिवसाचा त्याच्यापासूनचा फरक काढून, वर्ग करून बेरीज घेतली तर ती कमीत कमी यावी. म्हणजे

S(c) = (2−c)² + (3−c)² + (5−c)² + (6−c)² + (14−c)²

उत्तर सरासरी, म्हणजे 30/5 = 6, हे बहुतेकांना पाठ असतं, पण सिद्ध करायला बसले की गाडी मधेच अडकते, आणि अडकायच्या जागा जवळजवळ ठरलेल्या आहेत.

पहिली गडबड म्हणजे इथे बदलतंय काय तेच विसरणं. हीच बेरीज थोडक्यात Σ(xᵢ−c)² अशी लिहितात, xᵢ म्हणजे त्या-त्या दिवसाचा उशीर आणि n म्हणजे एकूण आकडे किती ते, इथे 5. या सूत्रात x दिसला की हात आपोआप x ने डेरिव्हेटिव्ह घ्यायला जातो, पण x इथे व्हेरिएबल नाहीच, बस जेवढी लेट आली तेवढी आली, ते पाचही आकडे फिक्स आहेत, हलतोय तो फक्त c. आणि c ने डेरिव्हेटिव्ह घेताना आतल्या −c मुळे एक मायनस बाहेर येतो: S′(c) = −2Σ(xᵢ−c). गंमत म्हणजे हा मायनस विसरलात तरी शून्य ठेवल्यावर उत्तर तेच येतं, म्हणून चूक लपून राहते आणि पुढे दुसऱ्या डेरिव्हेटिव्हला तोंडघशी पाडते, कारण तिथे +2n ऐवजी −2n येतं आणि मिनिमम असलेली जागा मॅक्सिमम आहे असं वाटायला लागतं.

मला विचाराल तर सगळ्यात जास्त लोक पडतात ते पुढच्या स्टेपला. Σ(xᵢ−c) = 0 वरून Σxᵢ = Σc, इथपर्यंत ठीक, आणि मग Σc = c लिहून मोकळे! अरे, c पाच वेळा मिळवलाय, तो 5c होणार. ही चूक केली की c = 30 येतं, आणि बस कधीच 14 मिनिटांपेक्षा जास्त लेट झाली नसताना 30 कुठून आलं हा प्रश्न पडायलाच हवा. बेस्ट c नेहमी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकड्याच्या दरम्यानच असतो, बाहेर गेला तर n कुठेतरी हरवलाय. तरी खात्री नसेल तर S काढून बघा, S(6) = 16+9+1+0+64 = 90 आणि S(30) येतं 2970.

फ्रिक्वेन्सी टेबल असेल तर हाच n वेगळ्या वेषात येतो. तीन मुलांना 4 मार्क आणि दोघांना 9, तर दोनच ओळी बघून (4+9)/2 = 6.5 करू नका, मुलं पाच आहेत, 12+18 = 30, भागिले 5, म्हणजे 6. S तपासलं तर 6 ला 30 येतं आणि 6.5 ला 31.25.

आता ज्यांना डेरिव्हेटिव्ह नकोय त्यांच्यासाठी रस्ता असा, xᵢ−c ला (xᵢ−m) + (m−c) असं फोडा, m म्हणजे सरासरी. वर्ग उघडल्यावर

S(c) = Σ(xᵢ−m)² + 2(m−c)Σ(xᵢ−m) + n(m−c)²

मधली टर्म बरेच जण कारण न देता खोडून टाकतात आणि तिथेच मार्क जातात. ती शून्य का, तर सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज शून्य असते, आपल्याकडे −4−3−1+0+8 = 0. बाकी कुठल्याही आकड्यापासून ती शून्य येत नाही, त्यामुळे m च्या जागी मध्यक घेऊन हीच टर्म खोडली तर सरळ चूक आहे. उरलं 90 + 5(6−c)². दुसरा भाग वर्ग असल्यामुळे ऋण होऊच शकत नाही, आणि शून्य फक्त c = 6 ला होतो, म्हणजे मिनिमम आहे आणि तो एकच आहे हे एका दमात मिळालं, दुसरं डेरिव्हेटिव्ह वगैरे लागलंच नाही. मिनिममची किंमत मात्र 90 आहे, 0 नाही! शून्य व्हायला पाचही दिवस बस सारखीच लेट व्हायला हवी होती.

कधीकधी स्टेप सगळ्या बरोबर असतात आणि उत्तर 5 येतं, म्हणजे मध्यक. तेव्हा प्रश्न परत वाचा, वर्गाऐवजी |xᵢ−c| ची बेरीज मिनिमम केली असणार. 5 पासून ती बेरीज 3+2+0+1+9 = 15 येते, 6 पासून 16. वर्गांचं मात्र उलटं, S(5) = 95. असं होतं कारण वर्ग केल्यावर 14 वाल्या दिवसाचं वजन वाढतं आणि तो c ला आपल्याकडे ओढतो. तो एक दिवस 14 ऐवजी 44 मिनिटांचा झाला तर सरासरी थेट 12 होते आणि मध्यक 5 वरून हलतही नाही.