रेनॉल्ड्स प्रतिबल काढताना या चुका टाळा

प्रक्षुब्ध प्रवाहातील क्षणिक वेग सरासरी आणि चढउतार अशा दोन भागांत मांडण्याची पद्धत ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1895 साली दिली: `u = U + u'`. u' ची सरासरी व्याख्येनेच शून्य येते. यावरून u'v' या गुणाकाराची सरासरीही शून्य असणार असे गृहीत धरणे, ही विद्यार्थ्यांची पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक होय.

दोन समांतर भिंतींमधून हवा वाहत आहे आणि खालच्या भिंतीजवळ चार क्षणी नोंदी घेतल्या आहेत, असे समजा. u' च्या किमती +1, −1, +0.5, −0.5 आणि भिंतीला लंब वेगाच्या चढउताराच्या, म्हणजे v' च्या, −0.4, +0.4, +0.2, −0.2 मीटर प्रति सेकंद आहेत. दोन्हींच्या बेरजा शून्य आहेत. गुणाकारांची सरासरी मात्र −0.15 येते. वर उसळणारी हवा भिंतीजवळचा मंद वेग घेऊन येते आणि खाली उतरणारी हवा वरचा जास्त वेग, म्हणून ऋण गुणाकार वरचढ ठरतात. हवेची घनता 1.2 धरल्यास −ρu'v' ची सरासरी, म्हणजेच रेनॉल्ड्स प्रतिबल, 0.18 पास्कल होते. तेथेच सरासरी वेगाचा उतार 100 प्रति सेकंद असेल, तर श्यानतेचे प्रतिबल जेमतेम 0.0018 पास्कल भरते.

−ρu'v' च्या सरासरीला प्रतिबल म्हणतात, म्हणून ते द्रवाच्या घर्षणातून येते असा समज होतो. तो चुकीचा आहे. मूळ समीकरणात ते संवेग वाहून नेणाऱ्या पदाचाच भाग असते. सरासरी घेतल्यावर जो अंश उरतो, तो उजव्या बाजूला नेऊन आपण त्याला प्रतिबलाचे रूप देतो. त्यामुळे ते श्यानतेसारखे द्रवाच्या गुणधर्मावरून ठरत नाही, तर त्या प्रवाहावरून ठरते, आणि सरासरी समीकरणे स्वतःहून पूर्ण होत नाहीत.

मापनातली एक चूक सहज निसटते. वेगमापक 1 अंशाने कललेला असेल, तर u' चा थोडा अंश v' मध्ये मिसळतो. वरील नोंदींत u'² ची सरासरी 0.625 आणि v'² ची 0.1 आहे; त्यांच्या फरकाला 0.0175 ने गुणले की 0.0092 येते, म्हणजे उत्तरात सुमारे 6 टक्के चूक. अशा सरळ, पूर्ण विकसित प्रवाहात भिंतीला लंब असलेला सरासरी वेग शून्य असायला हवा; U = 10 असताना तो 0.17 दिसला, तर आधी मापकाचा कल दुरुस्त करावा.

चिन्ह उलटे आले, तर y अक्ष कोणत्या भिंतीपासून मोजला हे पाहावे, कारण वरच्या भिंतीजवळ ते आपोआप बदलते. शेवटी दोन्ही प्रतिबलांची बेरीज y विरुद्ध काढावी. पूर्ण विकसित प्रवाहात ती भिंतीपासून मध्यापर्यंत सरळ रेषेत उतरून मध्यावर शून्य होते. मध्यावर चढउतार मात्र असतात. तेथे फक्त u' आणि v' यांचा परस्परसंबंध शून्य असतो. रेषा वाकडी आली, तर नोंदीचा कालावधी अपुरा होता का, हे प्रथम तपासावे.